वांगाचे डाग असतील तर स्टीम जरा थांबवा
गालावर वांगाचे डाग आहेत, सनस्क्रीन रोज लावताय, क्रीमही चालू आहे आणि तरी डाग परत गडद होतायत, तर जिमचं स्टीम, सॉना, हॉट योगा आणि कडकडीत पाण्याचा शॉवर आठवून बघा, कारण नुसत्या उष्णतेनेही त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, रंग बनवणाऱ्या पेशी चाळवतात आणि ही उष्णता सनस्क्रीनने अडत नाही. सॉना, स्टीम काही आठवडे पूर्ण बंद ठेवा, योगा साध्या खोलीत करा. अंघोळ गरम हवीच असेल तर मानेखाली घ्या, चेहरा वेगळा, कोमट पाण्याने धुवा. नंतर अर्धा तास उलटूनही चेहरा लालच राहत असेल तर पाणी जास्तच गरम होतं.