रीडमीमध्ये कमांडच्या ऑप्शनांचा तक्ता: सरळ रकाने आणि मध्येच घुसणारा पाइप

मार्कडाउनमध्ये तक्ता बनवायचा म्हटलं की बहुतेक जण एखाद्या ‘टेबल जनरेटर’ संकेतस्थळाकडे बोट दाखवतात. रकाने भरा, बटण दाबा, तयार मजकूर चिकटवा. पहिल्या दिवशी ठीक आहे. महिन्याभराने कमांडला एक नवा ऑप्शन आला की तो तक्ता पुन्हा त्या संकेतस्थळात कोण भरणार? त्यामुळे तो हातानेच दुरुस्त होतो आणि तिथून बिघडायला लागतो. ऑप्शनांचा तक्ता हाताने लिहिता आणि हाताने दुरुस्त करता आला पाहिजे. ते अवघड नाही. अवघड जागा एकच आहे, तिच्याकडे आपण नंतर येऊ.

उदाहरण म्हणून `wget` घेऊ. समजा, टीमच्या रीडमीमध्ये फाइली उतरवण्याची पद्धत लिहायची आहे आणि लागणारे चारच ऑप्शन द्यायचे आहेत. माझ्या मते तक्ता असा असावा:

```
| ऑप्शन            | डिफॉल्ट | काम |
|:-----------------|:--------|:----|
| `--tries`        | `20`    | किती वेळा प्रयत्न करायचा; `0` म्हणजे अमर्याद |
| `--level`        | `5`     | `-r` सोबत किती पातळ्या खोल जायचं |
| `--progress`     | `bar`   | प्रगती कशी दाखवायची: `bar` किंवा `dot` |
| `--accept-regex` | —       | यूआरएलमध्ये हा पॅटर्न सापडला तरच उतरवायचं |
```

रकान्यांचा क्रम. ऑप्शन, डिफॉल्ट, काम. वर्णन नेहमी शेवटी. डिफॉल्ट नसेल तर घर रिकामं ठेवू नका, आडवी रेघ टाका. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, लिहायचं राहून गेलं.

दुसरी ओळ. शीर्षकाखालच्या रेघांची ओळ नसेल तर तक्ताच बनत नाही. डावीकडे टेकवायचं तर `:---`, उजवीकडे `---:`, मध्यभागी `:---:`. डिफॉल्टच्या रकान्यात सगळे आकडेच असतील तर उजवीकडे टेकवलेले छान दिसतात, पण इथे `20` च्या खाली `bar` आहे. अशा मिश्र रकान्याला डावी बाजूच बरी. मध्यभागी टेकवलेले ऑप्शन मला तरी वाचवत नाहीत, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि डोळ्याला खाली सरकताना धरायला काठच मिळत नाही.

स्पेसने ओळी जुळवणं. पानावर तक्ता कसा दिसेल हे रेघांच्या ओळीतले कोलन ठरवतात, तुम्ही भरलेल्या स्पेस नव्हे. स्पेस असतात त्या कच्ची फाइल उघडणाऱ्यासाठी, आणि रीडमी `less` मध्ये किंवा एडिटरमध्ये वाचणारे पुष्कळ असतात. म्हणून पहिले दोन रकाने जुळवा आणि शेवटचा मोकळा सोडा. शेवटचा रकानाही जुळवला तर वर्णनात चार शब्द वाढले की तक्त्यातली प्रत्येक ओळ बदलते. गिटच्या डिफमध्ये एका ऑप्शनसाठी सगळा तक्ता लाल-हिरवा होतो आणि नेमकं काय बदललं ते शोधत बसावं लागतं. (दुसऱ्या कुणी तसं केलंच असेल तर `git diff -w` ने स्पेसचे बदल लपवता येतात.)

मराठीत वर्णन लिहिणाऱ्यांना शेवटचा रकाना मोकळा सोडण्याचा आणखी एक फायदा आहे. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं यांमुळे अक्षरांची संख्या आणि पडद्यावरची रुंदी यांचा मेळ बसत नाही. ‘पर्याय’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत, पण दिसताना तो सहा घरं व्यापेलच असं नाही. एका एडिटरमध्ये जुळवलेली ओळ दुसऱ्यात सरकते. शीर्षकाच्या ओळीत थोडा फरक राहीलच, तो राहू द्या. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आणि टॅब वापरू नका.

प्रोजेक्टमध्ये प्रेटियर आधीच चालत असेल तर मात्र हे सगळं विसरा. ते तक्ता आपल्या पद्धतीने, शेवटच्या रकान्यासकट जुळवतं. त्याच्याशी भांडू नका.

आता तो पाइप. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच अडकलो आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

कमांडच्या मदतीत पर्याय दाखवताना `bar|dot` असं लिहायची रीत आहे. ते तसंच उचलून तक्त्यात टाकलं जातं:

```
| `--progress` | `bar` | `bar|dot` यापैकी एक; टर्मिनल नसेल तर `dot` |
```

लिहिणाऱ्याला वाटतं, पाइप बॅकटिकच्या आत आहे म्हणजे सुरक्षित आहे. गिटहबवर तसं नसतं. तिथे आधी ओळीचे पाइपवर तुकडे पडतात आणि बॅकटिकचा अर्थ नंतर लावला जातो. म्हणजे या ओळीत तीनऐवजी चार घरं झाली. तिसऱ्या घरात उरलं सुटं बॅकटिक आणि `bar`. चौथ्या घराला शीर्षकच नाही, आणि गिटहबच्या नियमानुसार जास्तीची घरं गुपचूप टाकून दिली जातात. कुठे लाल अक्षरात चूक दिसत नाही, तक्ता मोडत नाही. फक्त तुमचं अर्धं वर्णन गायब होतं. ‘टर्मिनल नसेल तर’ ही सगळ्यात कामाची माहिती पानावर येतच नाही, आणि जिला ती हवी असते तिला ती नाहीशी झाल्याचंही कळत नाही.

हाच पाइप शीर्षकाच्या ओळीत आला तर उलट प्रकार होतो. शीर्षकातली घरं आणि रेघांच्या ओळीतली घरं यांची संख्या जुळली नाही की तक्ता बनतच नाही, सगळं पाइपांच्या रांगांसारखं दिसतं. ते बरं म्हणायचं, निदान लगेच लक्षात तरी येतं.

याला तीन उपाय सुचवले जातात. पहिला म्हणजे पाइपच्या आधी बॅकस्लॅश: `bar\|dot`. गिटहबवर तक्त्याच्या आत हे चालतं, बॅकटिकच्या आतसुद्धा. पानावर बॅकस्लॅश दिसत नाही. तक्त्याबाहेर, साध्या परिच्छेदात, हाच मजकूर बॅकटिकमध्ये लिहिला तर बॅकस्लॅश दिसतो. म्हणून ओळ तक्त्यातून उचलून खाली परिच्छेदात नेलीत तर तो काढायला विसरू नका. दुसरा उपाय म्हणजे `|`. हा बॅकटिकच्या आत अजिबात चालत नाही, तिथे तो जसाच्या तसा छापला जातो. त्यासाठी बॅकटिक सोडून `<code>` टॅग लिहावे लागतात आणि कच्ची फाइल वाचवत नाही. तिसरा उपाय म्हणजे पाइपसारखं दिसणारं दुसरंच एखादं युनिकोड चिन्ह टाकणं. हे कृपा करून करू नका. वाचणारा ते कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि ते का चालत नाही हे त्याला डोळ्याने कधीच दिसणार नाही.

माझा उपाय चौथा आहे, आणि तो वरच्या तक्त्यात वापरलेला आहे: पाइप लिहूच नका. `bar` किंवा `dot`. सरळ शब्द. मदतीतला पाइप हा ‘किंवा’चाच संक्षेप आहे, तो वापरणाऱ्याने टाइप करायचा नसतो. दोन-तीन किमती असतील तर हे कायम पुरतं.

पाइप खरोखर टाइप करायचाच असतो अशी एक जागा उरते, ती म्हणजे रेजेक्स. `--accept-regex` ला `\.(jpg|png)$` द्यायचं आहे. तक्त्यात ते `\.(jpg\|png)$` असं लिहिलं तर पानावर बरोबर दिसेल. पण रीडमी कच्च्या स्वरूपात उघडणारा ते बॅकस्लॅशसकट उचलेल. `wget` चं डिफॉल्ट रेजेक्स पॉसिक्स प्रकारचं, विस्तारित आहे. त्यात `\|` म्हणजे ‘किंवा’ नव्हे, तर अक्षरशः पाइप हे चिन्ह. कमांड तक्रार न करता चालेल आणि एकही चित्र उतरणार नाही. म्हणून पाइप असलेलं उदाहरण तक्त्यात ठेवूच नये. तक्त्यात फक्त ऑप्शन काय करतो ते लिहावं आणि उदाहरण खाली वेगळ्या कोड ब्लॉकमध्ये द्यावं:

```
wget -r -l 1 --accept-regex '\.(jpg|png)$' https://example.org/photos/
```

कोड ब्लॉकमध्ये पाइपला काहीच होत नाही. पानावर वाचा, कच्चं वाचा, तेच दिसतं.

तपासणी. प्रीव्ह्यू पाहून चालत नाही. वर्णनातला हरवलेला भाग प्रीव्ह्यूत दिसत नाही, हीच तर अडचण आहे. त्यापेक्षा घरं मोजा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाइप असेल, तर तीन रकान्यांच्या ओळीचे पाइपवर पाच तुकडे पडतात, कारण दोन्ही टोकांचे रिकामे तुकडेही मोजले जातात. त्याहून वेगळी ओळ असेल ती छापायची:

```
grep '^|' README.md | sed 's/\\|//g' | awk -F'|' 'NF != 5'
```

मधला `sed` बॅकस्लॅश लावलेले पाइप काढून टाकतो, म्हणजे ते मोजणीत येत नाहीत. काहीच छापलं नाही तर तक्ता ठीक आहे. वरची चुकलेली `--progress` ची ओळ फाइलीत असेल तर ती लगेच समोर येते. फाइलीत चार रकान्यांचा दुसरा तक्ता असेल तर त्याच्याही ओळी छापल्या जातील, त्या सोडून द्या. प्रोजेक्टमध्ये मार्कडाउनलिंट असेल तर त्याचा `MD056` हा नियम हेच काम करतो.

बाकीचं थोडक्यात. तक्त्याच्या आधी आणि नंतर एक रिकामी ओळ सोडा. नंतरची सोडली नाही तर खालचं वाक्य तक्त्याची पुढची ओळ होऊन बसतं. ऑप्शन नेहमी बॅकटिकमध्ये, कारण काही रेंडरर मोकळ्या `--` ची एकच लांब रेघ करतात. `<NUM>` सारखं काही असेल तर तेही बॅकटिकमध्येच, नाहीतर ते एचटीएमएल टॅग समजून पानावरून नाहीसं होतं. घरात यादी किंवा कोड ब्लॉक बसत नाही. ओळ तोडायचीच असेल तर `<br>`.

वर्णन फार लांबलं की पहिला रकाना आक्रसतो आणि `--accept-regex` मधल्या हायफनवर तुटून दोन ओळींत जातं. तो न तुटणारा हायफन घालण्याचा सल्ला कुठेतरी वाचायला मिळेल. तो पाइपच्या नकली चिन्हाइतकाच वाईट. कॉपी केलेला ऑप्शन कमांडला ओळखता येत नाही. शीर्षकात ` ` ची रांग लावून रकाना रुंद करता येतो, पण मी वर्णनच कापतो. एका वाक्यात मावत नसेल तर त्या ऑप्शनला तक्त्याखाली स्वतःचा परिच्छेद द्यावा. `--tries` चंच बघा: सर्व्हरने जोडणी नाकारली किंवा 404 आलं तर `wget` पुन्हा प्रयत्न करतच नाही, वीस असो की अमर्याद. ही गोष्ट तक्त्याच्या घरात कोंबायची नाही, खाली लिहायची.