वाइनच्या बागेत टाळायच्या चुका: मणी फुगवू नका, साल जपा

नाशिक भागात थॉमसन किंवा शरद सीडलेसची बाग करून हात बसलेला बागायतदार कॅबरने सोविन्यॉन किंवा शिराझ लावतो, तेव्हा पहिला घड बघून त्याचा हिरमोड होतो. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया. 'माल भरला नाही' असं वाटून तो जुने उपाय सुरू करतो. इथूनच बिघडायला लागतं, कारण त्याला जो दोष वाटतो त्याचेच वाइनरी पैसे मोजते.

कॅबरनेचा पिकलेला मणी दोन बोटांत दाबून बघा. बाहेर येणारा गर आणि रस जवळपास बिनरंगी असतो. आता उरलेली साल बोटांवर चोळा, बोटं जांभळी होतील. रेड वाइनचा रंग, तोंडाला कोरडं करणारा तुरटपणा आणि वासाचा बराचसा भाग सालीत असतो. तुरटपणाचा काही वाटा बियांचाही. म्हणून रेड वाइन करताना रस साल-बियांसकट आंबवतात आणि वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात.

आता आकाराचा हिशोब. खायच्या द्राक्षाचा मणी १८ मिलिमीटरचा आणि वाइनचा १२ मिलिमीटरचा धरू. मोठ्या मण्यात रस साधारण ३.४ पट मावतो, पण त्याची साल २.२५ पटच असते. म्हणजे तेवढ्याच रसामागे लहान मण्यांकडून दीडपट साल मिळते, आणि जाडीचा फायदा वेगळाच. खाणाऱ्याला मात्र याच्या उलट हवं असतं: साल दाताखाली येऊ नये, बी नसावी, गर कुरकुरीत असावा, पेटीत घड देखणा दिसावा. तिथे पातळ साल हा गुण, इथे तो तोटा.

पहिली मोठी चूक जीएची. बिनबियांच्या वाणात मणी आपोआप फारसा फुगत नाही, कारण जिबरेलिनचा नैसर्गिक पुरवठा करणाऱ्या बियाच तिथे नसतात. म्हणून आपण घड जीएत बुडवतो. वाइनच्या वाणात बिया असतात, त्यामुळे मणी त्याच्या मापाला स्वतःच पोचतो. तिथे फुगवणीचं डिपिंग केलं तर रस वाढून सालीचं प्रमाण घटतं. शिवाय बी असलेल्या वाणांत जीएमुळे डोळ्यांची फळधारणा कमी होऊ शकते, म्हणजे पुढच्या हंगामात घडच कमी निघतात. घट्ट घड सैल करायला फुलोऱ्याच्या सुमारास अगदी कमी मात्रा वापरतात, पण तो वेगळा विषय आणि तो वाइनरीच्या सल्ल्यानेच करावा.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती जास्त होते, कारण ड्रिपचा कॉक उघडायला कुणाला विचारावं लागत नाही. मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंतचा काळ आकार ठरवतो. या काळात पाण्याचा थोडा ताण दिला की मणी लहान राहतो. ताण बसतोय हे शेंड्यावरून कळतं: शेंडा जोमात पुढे पळत असेल तर पाणी अजून जास्त आहे, वाढ मंदावली की ठीक. पण खालची पानं पिवळी पडून गळायला लागली तर ताण जास्त झाला. पानंच गेली तर साखर कुठून येणार? पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वेलींवर हा प्रयोग करूच नका. पाणी उतरल्यानंतर, ताण दिलेल्या बागेत एकदम भरपूर पाणी सोडलं तर मणी तडकतात आणि तिथून कूज शिरते. वजन वाढवायला काढणीआधी पाणी सोडणाऱ्याचं ब्रिक्स उतरतं, ते निराळंच.

तिसरी चूक काढणीची. खायचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्सला गोड लागतं आणि आपण कात्री लावतो. तेवढ्या साखरेतून जेमतेम साडेनऊ-दहा टक्के अल्कोहोल मिळेल. रेडसाठी साधारण २३-२४ ब्रिक्स लागतं, म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास. पण नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. आपल्याकडच्या उन्हात साखर पुढे पळते आणि साल-बी मागे राहते. मणी तोंडात टाका, गर गिळून साल सावकाश चावा. कच्च्या पेरूच्या सालीसारखा चव दडपणारा तुरटपणा असेल, बी हिरवी असेल, तर थांबा. बी तपकिरी होऊन दाताखाली कडकन फुटली आणि साल चावताना रंग सोडू लागली की माल तयार. मात्र थांबताना आंबटपणाही बघत राहा. तो फार खाली गेला तर वाइन सपक होते.

शेनिन ब्लां, सोविन्यॉन ब्लां या पांढऱ्या वाणांना हे जसंच्या तसं लावू नका. त्यांचा रस दाबून सालीपासून लगेच वेगळा करतात, त्यामुळे सालीतल्या तुरटपणापेक्षा ताजा आंबटपणा महत्त्वाचा ठरतो आणि काढणी रेडपेक्षा कमी ब्रिक्सला होते. जीए आणि जास्तीचं पाणी मात्र तिथेही नकोच.