रात्रपाळी, प्रवास, बदली: रेझ्युमेतल्या या चुका टाळा

पुण्यातल्या आयटी सपोर्टच्या जागेची एक जाहिरात घेऊ. अटी तीन: फिरत्या शिफ्ट, रात्रपाळी धरून, अधूनमधून क्लायंटच्या ठिकाणी प्रवास, आणि बाहेरगावचा उमेदवार असेल तर पुण्याला राहायला येण्याची तयारी. नांदेडचा एक मुलगा अर्ज करतो. तिथल्याच एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात त्याने दोन वर्षं काम केलंय आणि कामाच्या दृष्टीने तो अगदी योग्य आहे. तरीही त्याचा रेझ्युमे पहिल्याच चाळणीत बाजूला पडू शकतो.

कारण नावाखालीच नांदेडचा पूर्ण पत्ता आहे, घर नंबर आणि पिन कोडसकट. बदलीची तयारी मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी, जन्मतारीख, छंद आणि ‘वरील माहिती खरी आहे’ यांच्या मधे कुठेतरी: ‘बदलीस तयार: होय’. शेकडो अर्ज चाळणारा माणूस आधी पहिल्या पानाचा वरचा भाग बघतो. तिथे त्याला नांदेड दिसतं, आणि ‘हा येईल का, कधी येईल’ याचं उत्तर न मिळताच तो पुढच्या अर्जाकडे वळतो. उत्तर प्रश्नाच्या शेजारीच हवं. पत्त्याच्या जागी एवढं पुरतं: ‘सध्या नांदेड, ऑफर मिळाल्यावर १५ दिवसांत पुण्यात रुजू, रात्रपाळी व प्रवास मान्य’. नोटीस पिरियड असेल तर दिवस त्या हिशेबाने लिहा.

काही जण यावर उपाय म्हणून पुण्यातल्या मित्राचा पत्ता टाकतात. हे करू नका. ‘उद्या ११ वाजता ऑफिसला या’ असा फोन आला की गडबड सुरू होते, आणि पत्ताच खरा नसेल तर बाकीच्या माहितीवरही शंका घेतली जाते. पुण्यात खरंच राहायची सोय असेल तर ‘पुण्यात राहण्याची सोय आहे’ असं सरळ लिहा. त्याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण तिच्यात हातातलं चांगलं काही वाया जातं. ‘कुठेही, कधीही काम करण्यास तयार’ हे वाक्य इतक्या रेझ्युमेंमध्ये असतं की त्यावर कुणी थांबतच नाही. आपल्या नांदेडच्या मुलाने हॉस्पिटलमध्ये रात्रीच्या ड्यूट्या केल्या आहेत, लातूरच्या शाखेत जाऊन प्रिंटर आणि नेटवर्क लावून दिलंय. रेझ्युमेत मात्र नुसतं ‘सिस्टीम मेंटेनन्स’. त्याऐवजी अनुभवाच्या मुद्द्यांतच लिहावं: ‘दर तिसऱ्या आठवड्यात रात्री १० ते सकाळी ६ ड्यूटी, रात्रीच्या बॅकअपची जबाबदारी’ आणि ‘लातूर शाखेत दर महिन्याला मुक्कामी जाऊन काम’. ज्याने हे केलंय, त्याला रात्रपाळी झेपेल का हे वेगळं विचारावं लागत नाही. असा अनुभवच नसेल तर ओढूनताणून आणू नका. वरची एक ओळ पुरे.

शिफ्टच्या नावामागच्या वेळाही समजून घ्या. न्यूयॉर्कची ९ ते ५ उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ते रात्री २:३० अशी येते. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की तीच शिफ्ट ७:३० ते ३:३० होते. रात्री १२ पर्यंतच जमणार असेल, तर ‘रात्रपाळी मान्य’ लिहून नंतर नकार देण्यापेक्षा ‘दुपारची शिफ्ट, रात्री १२ पर्यंत’ असं आधीच लिहिलेलं बरं. मुलींनी एक माहिती असू द्यावी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत काम करण्यासाठी महिलेची संमती लागते आणि घरापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. कॅबबद्दल मुलाखतीत खुशाल विचारा. रेझ्युमेत अट म्हणून लिहायची गरज नाही.

रेझ्युमे दुरुस्त केला, पण नोकरी डॉट कॉमवरची प्रोफाइल तशीच राहिली, असंही होतं. तिथे `Preferred work location` मध्ये फक्त नांदेड आणि `Preferred shift` मध्ये `Day` असेल, तर या रकान्यांवरून शोधणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही. फोन येत नसतील तर आधी हे दोन रकाने तपासा. आणि फोन येतात, पण ‘अच्छा, तुम्ही नांदेडला आहात’ म्हणून संपतात, तर दोष वरच्या ओळीत आहे.

जाहिरातीत ही अट नसेल, तर मात्र ती ओळ काढून टाका. दिवसाच्या जागेसाठी अर्ज करताना ‘रात्रपाळी मान्य’ लिहिलं, तर रात्रीची जागा रिकामी असताना तुमचंच नाव पुढे केलं जाऊ शकतं.