हळदीकुंकवासाठी खुसखुशीत उखाणा कसा रचावा

उखाणा रचताना पहिल्या ओळीपासून सुरुवात केली की नाव कुठे बसवायचे या विवंचनेत दुसरी ओळ हमखास लंगडते, म्हणून आधी शेवटची ओळ लिहावी. तिच्यात नाव आणि प्रसंग ही दोन्ही येतात. मकर संक्रांत ते रथसप्तमी या काळातील हळदीकुंकू असेल तर ‘वाण’ हा शेवटचा शब्द सोयीचा ठरतो: ‘निखिलरावांचं नाव घेऊन लुटते संक्रांतीचं वाण.’

आता ‘वाण’शी जुळणारे शब्द कागदावर उतरवावेत: ताण, जाण, खाण, हैराण. ‘छान’ मात्र यादीत नको, कारण ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक मोठ्याने म्हणताना कानाला खटकतो.

विनोद पहिल्या ओळीत येतो आणि त्यासाठी नवऱ्याची एखादी निरुपद्रवी सवय पुरते. पगार, वजन, रंग, माहेर-सासरची तुलना हे विषय टाळावेत. समजा, निखिलराव डोक्यावर चष्मा ठेवून तोच शोधत फिरतात. पहिल्या प्रयत्नात ओळ सुचते, ‘लाडावलेल्या लेकाला नाही कशाची जाण’. यमक चोख आहे, पण चष्मा कुठेच नाही आणि टोमणा समोर बसलेल्या सासूबाईंना लागतो. ‘लाडावलेला’ हा एकच शब्द सगळा घोळ करतो. म्हणून रोख पुन्हा चष्म्याकडे वळवावा:

डोक्यावरचा चष्मा शोधताना सगळ्या घराला ताण,
निखिलरावांचं नाव घेऊन लुटते संक्रांतीचं वाण.

पहिल्या ओळीत एकोणीस अक्षरे आहेत, दुसरीत वीस. एवढा फरक चालतो. चार-पाच अक्षरांचा पडला तर म्हणताना श्वास अडतो, आणि हे मोजण्यापेक्षा दोनदा मोठ्याने म्हणून पाहिल्यास लवकर कळते. नावाआधी किंचित थांबावे, म्हणजे चष्म्यावरचे हसू ओसरेपर्यंत नाव बुडत नाही. (नाव ऐकू आले नाही तर मंडळी पुन्हा घ्यायला लावतात आणि दुसऱ्यांदा कोणी हसत नाही.)

लग्नात हा उखाणा चालत नाही, कारण नव्या नवरीला नवऱ्याच्या सवयी ठाऊक असणे काही ज्येष्ठांना रुचत नाही. तेथे विनोद प्रसंगातूनच काढावा. गृहप्रवेशाच्या वेळी नणंद दार अडवते, तेव्हा:

दारात उभ्या नणंदबाई, मागतात रुपये शंभर,
निखिलरावांचं नाव घेतलं, आता तुमचा नंबर.

नणंद विवाहित असेल तर तिलाही नाव घ्यावे लागते आणि बाजी उलटते. अविवाहित असेल तर ‘नंबर’चा अर्थ तिच्या लग्नाकडे जातो, घरात तो विषय नाजूक असल्यास दुसरी ओळ ‘निखिलरावांचं नाव घेते, सुट्टे नाहीत बरोबर’ अशी फिरवावी. यमक थोडे सैल होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा ते परवडते.