न वाचलेल्या लेखाचं श्रेय: मास्लोच्या पिरॅमिडवरून समजून घेऊ

साहित्याचा आढावा लिहायला बसलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. हातात ब्रिजमनचा लेख आहे, त्यात मॅकडर्मिडचं म्हणणं आलंय, आपल्याला ते वापरायचंय, पण मॅकडर्मिड आपण पाहिलेलाही नाही. मग कंसात नाव कोणाचं घालायचं?

एपीए या संदर्भशैलीचं उत्तर एका ओळीचं आहे. वाक्यात दोघांचीही नावं येतात, मूळ लेखकाचं आणि ज्याच्याकडून कळलं त्याचं. शेवटच्या संदर्भसूचीत मात्र एकच नोंद, तुम्ही प्रत्यक्ष वाचलेल्या लेखाची. इंग्रजी प्रबंधात हे असं दिसतं:

```
(McDermid, 1960, as cited in Bridgman et al., 2019)
```

मराठीत लिहिणार असाल तर «(मॅकडर्मिड, १९६०, उद्धृत, ब्रिजमन व इतर, २०१९)». विभागाची स्वतःची पद्धत असेल तर ती पाळा, पण दोन्ही नावं आणि दोन्ही वर्षं सोडू नका. मूळ लेखाचं वर्ष दुय्यम लेखात, म्हणजे तुम्ही वाचलेल्या लेखात, दिलेलंच नसेल, तर अंदाजाने घालू नका, नुसतं नाव ठेवा. शब्दशः अवतरण असेल तर पान क्रमांक तुमच्या हातातल्या लेखाचा द्यायचा, मूळ लेखाचा नाही. एमएलए आणि शिकागोची मांडणी वेगळी आहे. शिकागोत तळटीपेत दोन्ही ग्रंथांचा तपशील द्यावा लागतो.

इथवर सगळ्यांना जमतं. लोक अडकतात ते पुढे, आणि अडकलोय हे कळायलाही बराच काळ जातो. प्रश्न स्वल्पविराम कुठे टाकायचा हा नाहीच. प्रश्न हा आहे की त्या परिच्छेदातलं कोणतं वाक्य नेमकं कोणाचं. हे एकदा नीट पाहू, म्हणून मास्लोचंच उदाहरण घेतो. आपल्याकडे बी.एड., एम.एड., समाजकार्य, व्यवस्थापन, सगळीकडे मास्लो असतोच, आणि बडोद्यात तर गुजराती, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या नोट्समधून तो एकाच वेळी अंगावर येतो.

जवळजवळ प्रत्येक प्रबंधात हे वाक्य सापडतं: «मास्लो यांनी गरजांचा पिरॅमिड मांडला (मास्लो, १९४३).» संदर्भसूचीत सायकॉलॉजिकल रिव्ह्यू, खंड ५०, पाने ३७० ते ३९६, सगळं बिनचूक. पण त्या सत्तावीस पानांत पिरॅमिड नाही. त्रिकोण नाही, कसलीच आकृती नाही. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम, प्रतिष्ठा आणि आत्मसिद्धी ही पाच नावं आहेत, त्यांची उतरंड आहे. शिवाय एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय पुढची जागी होत नाही हा समज चुकीचा आहे, असं मास्लो स्वतःच तिथे सांगतो. समजण्यापुरते म्हणून काही आकडेही देतो: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या १०. आपल्या गाईडबुकात मात्र «खालची पायरी पूर्ण झाल्यावरच वरची» असं ठसठशीत छापलेलं असतं.

म्हणजे ज्याने कंसात «मास्लो, १९४३» लिहिलं, त्याने वाचलं एक आणि नाव दिलं दुसऱ्याचं. त्याने प्रामाणिकपणे आपल्या पाठ्यपुस्तकाचं नाव दिलं असतं, तर चूक पाठ्यपुस्तकाची राहिली असती. आता ती त्याची झाली. दुय्यम संदर्भाचा खरा उपयोग हाच आहे. चूक कोणत्या हातातून आली ते दिसत राहतं.

आता पुढचं पाऊल. ब्रिजमन, कमिंग्ज आणि बॅलार्ड यांनी २०१९ मध्ये अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट लर्निंग अँड एज्युकेशनमध्ये हा पिरॅमिड आला कुठून याचा शोध घेतला. मास्लोच्या नावाने पिरॅमिड काढलेला त्यांना सापडलेला सर्वांत जुना लेख चार्ल्स मॅकडर्मिडचा, बिझनेस होरायझन्स, १९६०. समजा हा २०१९चा लेख तुम्ही वाचलाय, बाकी काही नाही. त्यातून तुम्हाला तीन वाक्यं लिहायची आहेत, आणि तिन्हींचे संदर्भ वेगवेगळे येतात.

पहिलं वाक्य: मॅकडर्मिडने १९६० मध्ये गरजांची उतरंड पिरॅमिडच्या रूपात दाखवली. मॅकडर्मिडने काय केलं हे तुम्ही ब्रिजमनकडून ऐकलंत, म्हणून इथे दुय्यम संदर्भ, वर दिला तसा.

दुसरं वाक्य: व्यवस्थापनाच्या जगात पिरॅमिड मास्लोने नाही, तर नंतरच्या लेखकांनी आणला. हे कोणी शोधलं? ब्रिजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. इथे «मास्लो, उद्धृत ब्रिजमन» लिहिलंत तर घोटाळा, कारण मास्लोने असं काही म्हटलेलंच नाही. हे त्या तिघांचं संशोधन आहे, म्हणून सरळ «(ब्रिजमन व इतर, २०१९)», उद्धृत वगैरे काही नाही. सर्वांत जास्त माणसं इथे घसरतात. परिच्छेदात एखादं जुनं, वजनदार नाव दिसलं की हात आपोआप त्या नावाकडे जातो, आणि प्रत्यक्ष राबलेल्या माणसाचं श्रेय जातं.

तिसरं वाक्य: मास्लोच्या १९४३च्या लेखात आकृतीच नाही. हे ब्रिजमनच्या आधारावर लिहिता येईल, पण तशी सवलत घेऊ नका. यॉर्क विद्यापीठाच्या मानसशास्त्र इतिहासाच्या संकेतस्थळावर हा लेख फुकट वाचायला मिळतो. दोन संध्याकाळी द्या, स्वतः पाहा आणि थेट मास्लोचा संदर्भ द्या. व्हायवात परीक्षकाने «हा लेख सहज मिळत असताना दुय्यम का दिलात?» असं विचारलं तर त्याला उत्तर नसतं.

वाक्य कोणाचं हे ओळखायची युक्ती अगदी साधी आहे, पण पेन्सिल लागते. दुय्यम लेखातला परिच्छेद छापून घ्या. जिथे कंस आहे तिथून मागे जा आणि कंसातल्या नावाची मजल कुठपर्यंत आहे तिथे उभी रेघ मारा. कंसानंतर «यावरून असे दिसते», «याचा अर्थ असा की», «तथापि» अशी सुरुवात झाली की बहुधा लेखक स्वतः बोलू लागलेला असतो. रेघेच्या आतलं तेवढं दुय्यम, बाहेरचं त्या लेखकाचं स्वतःचं. «सापडलेला सर्वांत जुना» यातला «सापडलेला» हा शब्दही बाहेरचा, म्हणजे ब्रिजमन मंडळींनी ठेवलेली सावधगिरी आहे. ती गाळून तुम्ही «पहिला पिरॅमिड मॅकडर्मिडने काढला» असं ठोकून दिलंत, तर संदर्भ कितीही शुद्ध असला तरी विधान खोटं होऊ शकतं.

रेघ मारताना ती नेमकी कुठे मारावी हेच कळेना, तर समजा की मूळ लेख उघडायची वेळ आली. मॅकडर्मिडचा लेख जेमतेम आठ पानांचा आहे. हंसा मेहता ग्रंथालयाच्या लॉगिनवरून आधी शोधा, नाही मिळाला तर काउंटरवर आंतरग्रंथालय सेवेचा अर्ज भरा. मिळाला की वाचा, दुय्यम संदर्भ खोडा आणि थेट द्या. नाहीच मिळाला तर दुय्यम संदर्भ ठेवायला कसलीही लाज नाही. अप्राप्य, अप्रकाशित किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेतल्या मजकुरासाठीच तर तो आहे.

इतिहासवाल्यांना हे जास्त लागतं. बडोद्याच्या पुराभिलेखागारातलं मोडी पत्र एखाद्या छापील ग्रंथात वाचायचं आणि तळटीप मात्र स्वतः कागदांचा रुमाल सोडल्यासारखी, दप्तर क्रमांकासकट द्यायची, ही फार जुनी खोड आहे. मोडी येत नसेल तर लपवू नका, «अमुक ग्रंथात उद्धृत» लिहा. त्या संपादकाने वाचन केलं, त्याचं श्रेय त्यालाच मिळू दे.

भाषांतराचीही एक खाच आहे. गुजराती पुस्तकात मास्लोचं म्हणणं वाचून तुम्ही मराठीत लिहिलंत, तर त्याला अवतरणचिन्हं लावू नका. इंग्रजीतून गुजरातीत आणि तिथून मराठीत आलेले शब्द मास्लोचे उरलेले नसतात. आपल्या शब्दांत सांगा आणि गुजराती पुस्तक उद्धृत म्हणून दाखवा. साखळी तीन कड्यांची असेल, म्हणजे पाठ्यपुस्तकात «मॅकडर्मिड, उद्धृत ब्रिजमन» असं असेल, तर निदान एक कडी खाली उतरून ब्रिजमन उघडाच. तीन नावांचा कंस करत बसू नका.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: मॅकडर्मिडची नोंद वर्डमध्ये घालूच नका, घातली की ती सूचीत आपसूक उतरते. फक्त ब्रिजमनची नोंद निवडा, तिच्यावर क्लिक करा आणि Prefix च्या चौकटीत हे टाइप करा:

```
McDermid, 1960, as cited in
```

लेखकाचं नाव वाक्यातच हवं असेल तर नाव हाताने टाइप करा आणि Prefix मध्ये फक्त `1960, as cited in` ठेवा.

«सूचीतून संदर्भ उचलून टाक, कोण बघतंय» असं सांगणारे सीनियर प्रत्येक विभागात असतात, कधीकधी गाईडही. माझ्या मते हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजावा आणि सल्ला तिथेच सोडून यावा. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर हे पकडत नाही हे खरं, ते शब्द जुळवतं, तुम्ही काय वाचलंत ते त्याला कळत नाही. पण माणसं पकडतात, आणि पकडतात चुकांवरूनच. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये ४,३०० वेळा संदर्भ दिल्या गेलेल्या एका नामांकित लेखाचे संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी छपाईची चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांकडे आढळली. इतक्या लोकांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणं शक्य नाही, म्हणजे बहुतेकांनी एकमेकांची सूची उतरवली. ४५ला १९६ने भागून त्यांनी अंदाज काढला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकानेच मूळ लेख वाचलेला असतो.

तुमच्या सूचीतही अशी उसनी चूक असू शकते. सादर करण्याआधी सूचीतल्या प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलने एक खूण करा: हा लेख मी उघडलाय का? जिथे खूण होत नाही, ती नोंद सूचीतून काढा आणि मजकुरात «उद्धृत» जोडा. घाबरू नका, याला एक दुपार लागते. तीसेक पानांच्या प्रकरणात दुय्यम संदर्भ पाच-सहाच्या वर गेले, तर मात्र पुन्हा ग्रंथालयात जायला हवं. तेवढ्या ठिकाणी मूळ लेख मिळतच नाही, असं सहसा होत नाही.