भुसावळला बदलून आलात? पालकसभेची वेळ अशी धरा

मी कोल्हापूरची. यजमानांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे भुसावळला आले आणि इथलीच झाले. मुलं इथल्या शाळेत शिकली, पालक-शिक्षक संघात बरीच वर्षं काम केलं. या गावात दरवर्षी नवी कुटुंबं येतात, कुणी रेल्वेत, कुणी आयुध निर्माणीत, कुणी दीपनगरच्या वीज केंद्रात. पहिल्या पालकसभेला त्यांची हमखास धावपळ होते, म्हणून हे लिहितेय.

आमच्या शाळेत सभेच्या दिवशी प्रत्येक पालकाला ठरलेली वेळ देतात. पाचवीचा बेचाळीस मुलांचा वर्ग घ्या. एका पालकाला सहा मिनिटं मिळतात, पाच बोलायला आणि एक उठायला-बसायला. तासात अशा दहा जागा होतात, पण आम्ही नऊच भरतो. चोपन्नाव्या मिनिटाची जागा मुद्दाम मोकळी ठेवतो. सकाळी आठला सुरुवात केली की बारापर्यंत छत्तीस पालक होतात आणि उरलेले सहा १२:३६ पर्यंत आटोपतात.

ती मोकळी जागा नाव नोंदवताना कुणी मागितली तरी द्यायची नसते. प्रत्येक पालक एकच मिनिट जास्त बसला तरी तासाला नऊ मिनिटं उशीर साचतो. त्यातली सहा ही जागा भरून काढते, तीन पुढच्या तासावर जातात. ती नसती तर बाराच्या पालकाला अर्ध्या तासाहून जास्त ताटकळावं लागलं असतं, आणि मग सगळे वर्गाच्या दाराशी गोळा होतात. व्हरांड्यात गर्दी होते ती अशीच.

आता नाव कसं नोंदवायचं ते नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळांची यादी येते. लोक ती कॉपी करतात, आपल्या वेळेपुढे मुलाचं नाव लिहितात आणि परत टाकतात. दोघांनी एकाच क्षणी जुनी यादी उचलली, की नंतर टाकणाऱ्याच्या यादीत पहिल्याचं नाव नसतं. पुढचे सगळे तीच यादी पुढे नेतात. पहिल्याला वाटतं आपली ९:१२ पक्की आहे, आणि त्या दिवशी दारात दोघं उभे. नाव टाकल्यावर तासाभराने ग्रुपवरची शेवटची यादी उघडून आपलं नाव शोधा. नसेल तर लगेच कळवा, सभेच्या दिवशी वाद घालून काही मिळत नाही.

गुगल फॉर्म आला तरी निर्धास्त राहू नका. साध्या फॉर्ममध्ये भरलेली वेळ आपोआप बंद होत नाही, तीच वेळ दहाजण निवडू शकतात. मग मॅडम `Timestamp` चा रकाना पाहून आधी आलेल्याला वेळ देतात आणि बाकीच्यांना दुसरी कळवतात. फॉर्म पाठवला म्हणजे वेळ मिळाली असं धरू नका.

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे यादी एकाच व्यक्तीने लिहायची. पालकांनी फक्त हजेरी क्रमांक आणि पसंतीच्या तीन वेळा कळवायच्या. शेवटची यादी मॅडमची, आणि तीच वर्गाच्या दारावर चिकटवलेली. तुमच्या वर्गात अजून कॉपी-पेस्ट चालत असेल तर हे नक्की सुचवा.

पसंती देताना एक विनंती आहे. जामनेर, बोदवडकडून एसटीने येणारे पालक आठला पोचू शकत नाहीत, त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना घर सोडणंच कठीण. नऊ-साडेनऊनंतरच्या वेळा त्यांच्यासाठी सुटू द्या. गावातच राहणाऱ्यांनी आठच्या वेळा घ्याव्यात. नंतरचं ऊनही टळतं.

दोन मुलं असतील तर लागोपाठच्या वेळा घेऊ नका. धाकटा तळमजल्यावर पाचवीत आणि थोरली दुसऱ्या मजल्यावर आठवीत असेल, तर त्याची ९:०६ आणि तिची ९:२४ ठेवा. पहिली भेट ९:१२ ला संपायला हवी. ती चार-पाच मिनिटं लांबली तरी जिना चढून वेळेत पोचता.

त्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर फक्त पुढचा पालक बसतो. बाकीचे खाली शेडमध्ये थांबतात आणि शिपाई मामा नाव पुकारतात. उशीर झालाच तर मध्ये घुसू नका, मामांना सांगा. तुम्हाला पुढची चोपन्नाव्या मिनिटाची जागा मिळेल. आधीच कुणी उशिरा आलेलं तिथे असेल तर त्यापुढच्या तासाची.

रेल्वेत गाडीवर जाणाऱ्या रनिंग स्टाफच्या घरांना मात्र ड्युटीचा कॉल कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यांनी नाव देतानाच दोघांपैकी कोण येणार ते 'आई किंवा वडील' असं लिहावं. दोघंही अडकले, तर आदल्या संध्याकाळपर्यंत मॅडमना कळवून वेळ सोडावी. वाट पाहणाऱ्या दुसऱ्या पालकाला ती देता येते, आणि तुम्हाला पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर भेटता येतं.