पंधरवड्याच्या सुट्टीत स्थळ प्रत्यक्ष पाहायचे असेल तर करावयाची तयारी

तिकीट काढण्यापूर्वी दिनदर्शिका समोर घ्यावी. चौदा दिवसांत शनिवार-रविवार दोनदाच येतात आणि शनिवारी पहाटे उतरणाऱ्याची पहिली जोडसुट्टी जागरणातच जाते. समजा, मुलगा म्युनिकला नोकरीस आहे, घर पुण्यात आणि स्थळ नाशिकचे. तर त्याने गुरुवारी उतरून पुढच्या आठवड्यानंतरच्या बुधवारी परतावे, म्हणजे दोन्ही जोडसुट्ट्या हाताशी राहतात. पितृपक्षात अनेक घरी बैठक ठेवत नाहीत, हेही आधी पाहावे.

पत्रिका जुळवायची असेल तर ती निघण्यापूर्वीच जुळवून घ्यावी. मुलगा दारात आल्यावर मंगळाचा विषय निघणे दोन्ही घरांना क्लेशाचे होते. दोघांनी वडीलधाऱ्यांशिवाय व्हिडिओवर दोन-तीनदा तरी बोलून घ्यावे. नियुक्तिपत्र, अलीकडच्या पगारपत्रका, निवास परवाना आणि पूर्वी घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत जवळ ठेवावी. मुलीकडच्यांनी ती मागितली तर राग मानू नये; त्यांची मुलगी परक्या देशात जाणार आहे.

पहिल्या शनिवारी नाशिकला कांदेपोह्यांची बैठक ठेवावी, पण रस्त्याने पाचेक तास लागतात म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे. त्या बैठकीत थोरलेच अधिक बोलतात, तेव्हा त्यावरून मत बनवू नये. खरी भेट दुसऱ्या दिवशीची, दोघांचीच, किमान तीन तासांची असावी. पैसा कसा खर्च होतो, आई-वडिलांची जबाबदारी कोण कशी घेणार, मुले कधी, परत यायचे की नाही, हे प्रश्न तेव्हा स्पष्ट विचारावेत. ‘तिला तिथे नोकरी करता येईल का?’ हे मुलीची आई हमखास विचारते. त्यामुळे स्वतःचा परवाना कोणता, हे नीट माहीत हवे: ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला जर्मनीत जाण्यासाठी भाषेच्या ए-1 परीक्षेची अट नसते आणि तेथे तिला नोकरीही करता येते. तरीही मुलाखतीपुरती तरी जर्मन भाषा लागणारी कामे बरीच असतात, हे लपवू नये.

मधले चार-पाच दिवस भेट न ठेवता फोनवर बोलावे आणि दुसऱ्या शनिवारी मुलीकडच्यांना पुण्याला बोलवावे. तिला ते घर, ती माणसे पाहू द्यावीत.

‘आलाच आहेस तर रजिस्टर लग्न उरकून जा’ असा आग्रह होऊ शकतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग 30 दिवस वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. होकार-नकार सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवण्याचे दोन्हीकडे पूर्वीच ठरवावे आणि नकार असला तर तो मध्यस्थावर न सोडता मुलाने स्वतः फोन करून सांगावा.